लोणा लागलेली भिंत : सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा

सकाळी ७.३०

काल संध्याकाळी सांगलीजवळच्या एका घराच्या भिंतीतून काढलेला विटेचा भुगा रात्रभर ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवला होता. आज सकाळचे पहिले काम तो वजन करण्याचे. तीन बश्या, प्रत्येकीत काल २० ग्रॅम. जमिनीपासून अर्ध्या फुटावरचा भुगा आता १७.८ ग्रॅम भरतो, तीन फुटांवरचा १९ आणि पाच फुटांवरचा १९.७. म्हणजे कोरड्या वजनाच्या हिशेबाने खाली सुमारे १२ टक्के पाणी, मध्ये ५ टक्के आणि वर जेमतेम दीड टक्का.

पाणी खाली जास्त आणि वर जाताना कमी होत गेलेले असेल, तर ते जमिनीतून चढते आहे. छत गळत असते तर वरचा भुगा ओला निघाला असता. नळ फुटला असता तर सगळ्यात ओली जागा मध्येच कुठेतरी सापडली असती. भिंतीला टेकवायचे ओलावामापक यंत्र मी अशा ठिकाणी वापरत नाही. ते विजेच्या वहनावर चालते आणि क्षारांमुळे वहन वाढते, त्यामुळे कोरडी पण खारट भिंतही ते ओली दाखवते. भुगा काढताना ड्रिल हळू चालवायचे, नाहीतर उष्णतेने तो तिथेच वाळतो. वरचा सेंटीमीटरभर थर टाकून द्यायचा, कारण तिथे साठलेला क्षार हवेतली ओल ओढून घेतो आणि आकडा फसवा येतो.

सकाळी ९.००

घर १९८० च्या दशकातले, नऊ इंची विटेच्या भिंतींचे. मालक निवृत्त शिक्षक आहेत. हॉलच्या उत्तरेकडच्या भिंतीवर साडेतीन फुटांपर्यंत पांढरी भुकटी, त्याखाली रंगाचे पोपडे, आणि हात फिरवला की गिलाव्याची वाळू खाली सांडते. याच भिंतीचा पुढचा भाग जेवणाच्या खोलीत येतो. तिथे काकांनी काही वर्षांपूर्वी तीन फुटांपर्यंत टाइल्स लावून घेतल्या होत्या. तिथे पांढरा पट्टा आता टाइल्सच्या वर, साडेचार फुटांवर गेला आहे.

“ताई, टाइल्स लावल्या तेव्हा वाटलं होतं सुटलो. हे वर कसं आलं?” काकांनी विचारले.

पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे. चढताना ते मातीतला क्षार सोबत आणते. भिंतीच्या ज्या भागातून पाण्याची वाफ होते, तिथे क्षार मागे राहतो. टाइल्सनी खालची तीन फूट जागा बंद केली, पण पाणी काही बंद झाले नाही. ते टाइल्सच्या मागून वर गेले आणि जिथे मोकळा गिलावा मिळाला तिथे वाळले. लोणा दिसतो ती जागा भिंतीच्या वाळण्याची असते. पाणी शिरण्याची जागा बहुधा दुसरीकडेच असते, आणि लोक वर्षानुवर्षे पहिल्याच जागेवर पैसे घालतात.

या भागात क्षार कुठून येतो, हे काकांना सांगावे लागले नाही. त्यांचा प्लॉट पूर्वी उसाचे रान होता. कृष्णाकाठी भरपूर पाणी पाजलेल्या जमिनी क्षारपड होऊन पांढऱ्या पडलेल्या त्यांनी लहानपणापासून पाहिल्या आहेत. शेतात पाण्याची वाफ जमिनीच्या पृष्ठभागावरून होते आणि क्षार तिथे उरतो. घरात तेच भिंतीवर घडते.

सकाळी १०.००

बाहेरच्या बाजूला भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा आहे. जास्वंद, मोगरा, रोज पाणी. मिस्त्रींनी वाफ्याची माती भिंतीपासून फूटभर मागे ओढायला सुरुवात केली. त्या काळातल्या बांधकामात जोत्याच्या उंचीवर ओल अडवणारा काँक्रीटचा पट्टा घालत, साधारण दीड इंच जाडीचा, जलरोधक मसाला घालून केलेला, वर बहुधा डांबराचा हात. तो पट्टा इथे आहे की नाही, यावर पुढचा सगळा खर्च ठरणार होता. आधी आलेल्या एका ठेकेदाराने संपूर्ण घराला रासायनिक इंजेक्शन सुचवले होते.

पाऊण तासाने मिस्त्री म्हणाले, “मॅडम, ह्यो बघा पट्टा. मातीच्या खाली गेलाय.”

वाफ्याची माती पट्ट्याच्या सात इंच वर चढली होती. शिवाय बाहेरचा सिमेंटचा गिलावा पट्ट्यावरून सलग खाली मातीपर्यंत नेलेला. म्हणजे पट्टा ठणठणीत असूनही पाण्याला त्याच्या बाजूने दोन वाटा मिळाल्या होत्या. एक थेट मातीतून विटेत, दुसरी गिलाव्यातून. रस्ता उंच होतो, मग अंगण उंच करतात, मग पेव्हर ब्लॉक बसतात, आणि जोते हळूहळू जमिनीत जाते. जुन्या घरांत नव्याने लागलेल्या लोण्याचे हे कारण मला सर्वाधिक वेळा सापडते आणि याचाच उपाय सर्वांत स्वस्त आहे.

ठरवले ते असे. भिंतीलगत दोन फूट रुंदीत जमीन पट्ट्याच्या सहा इंच खाली न्यायची. तिथे खडी टाकायची आणि उतार भिंतीपासून दूर द्यायचा. पट्ट्यावरून गेलेला गिलावा कापून काढायचा, नवा गिलावा पट्ट्याच्या वरच थांबवायचा. वाफा कुंपणाकडे हलवायचा. इंजेक्शन नाही. ज्या वाड्यांना असा पट्टाच नाही, तिथे जोत्याजवळच्या सांध्यात दर चार-पाच इंचांवर भोके पाडून सिलेनचे क्रीम भरणे योग्य ठरते. शाबूत पट्टा असलेल्या भिंतीला त्याची गरज नाही, आणि मातीचा ढिगारा तसाच ठेवून केले तर ते वायाच जाते.

दुपारी १२.००

आतल्या भिंतीची सफाई. मिस्त्रींचा मदतनीस पाण्याची बादली घेऊन आला, ती परत पाठवली. क्षार पाण्यात विरघळतो आणि पुन्हा भिंतीत शिरतो. दोन दिवस भिंत स्वच्छ दिसते आणि वाळली की पांढरी होते.

आधी तो कोणता क्षार आहे ते पाहिले. चमचाभर भुकटी ग्लासभर पाण्यात टाकली, ढवळली, ती पूर्ण विरघळली. विरघळली नसती आणि त्यावर व्हिनेगर टाकताच बुडबुडे आले असते, तर तो सिमेंटमधून किंवा चुन्यातून निघालेला कॅल्शियम कार्बोनेट ठरला असता. त्याला सौम्य आम्ल चालते. विरघळणाऱ्या क्षाराला मात्र आम्ल लावू नये. बाजारातल्या फरशी धुण्याच्या आम्लाने गिलाव्यातल्या चुन्याचे कॅल्शियम क्लोराइड होते, आणि तो क्षार हवेतली ओल इतकी ओढतो की भिंत पावसाळाभर घाम आल्यासारखी दिसते.

म्हणून कोरडा नायलॉनचा ब्रश, खाली जुनी वर्तमानपत्रे, तोंडाला मास्क. तारेचा ब्रश नको, तो विटेचा भाजलेला कणखर थर ओरबाडतो. झाडलेली भुकटी लगेच पिशवीत. मदतनीस ती खिडकीतून वाफ्यात टाकायला निघाला होता, त्याला थांबवले. पहिल्या पावसात ती परत त्याच भिंतीत आली असती.

मग गिलावा काढणे. पांढऱ्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत सगळा गिलावा आणि टाइल्स काढायच्या, सांधे अर्धा इंच खोल खरवडायचे. दिसणाऱ्या रेषेपाशी थांबलो तर वरच्या गिलाव्यात मुरलेला क्षार तसाच राहतो. एवढा मोठा भाग उघडा पडलेला पाहून काकांचा चेहरा उतरला, ते साहजिक होते. पण विटा कशा आहेत हे त्याशिवाय कळत नाही. दोन थरांतल्या विटा बोटाने दाबल्यावर भुगा होत होत्या. क्षार भिंतीच्या वर उमलतो तोवर तो फक्त दिसायला वाईट असतो. ऑइल पेंट किंवा घट्ट सिमेंटच्या थराने वाट बंद केली की तो विटेच्या आत स्फटिक बनतो. सोडियम सल्फेट पाणी घेऊन पुन्हा स्फटिक होताना त्याचे आकारमान तिपटीहून अधिक होते. त्या दाबाने विटेचे पापुद्रे सुटतात. त्या विटा बदलाव्या लागतील.

दुपारी २.३०

जेवणानंतर एक फूट लांब-रुंद तुकड्यावर लेपाची चाचणी घेतली. कोऱ्या टिश्यू कागदाचा लगदा बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात भिजवला, वीट हलकी ओली केली आणि लगद्याचा सेंटीमीटरभर थर दाबून बसवला. लेप वाळताना विटेतला क्षार विरघळून कागदात येतो. आठ-दहा दिवसांनी तो कोरडा होऊन सुटला की उचलून फेकायचा आणि पुन्हा लावायचा. बोअरचे पाणी इथे चालत नाही, त्यात मुळातच क्षार असतो. पाण्याची वाट बंद व्हायच्या आधी सगळ्या भिंतीला लेप लावणे व्यर्थ आहे. म्हणून आज फक्त तुकडा.

दुपारी ४.००

जवळच एका नव्या बंगल्याचे कुंपण. सहा महिन्यांपूर्वीच्या उघड्या विटांवर पांढरी धूळ. मालक विटा परत करायच्या विचारात होते. जोत्यापासून वरच्या थरापर्यंत सगळीकडे सारखीच धूळ, पापुद्रे कुठेच नाहीत. विटांमधला आणि सिमेंटमधला मूळचा क्षार बांधकामाच्या पाण्यासोबत बाहेर येतो आहे. कोरड्या ब्रशने झाडा आणि थांबा, असे सांगितले. तो बहुधा दोन-एक वर्षांत आपोआप कमी होतो.

पण त्यांचे घर अजून बांधून पूर्ण व्हायचे आहे, म्हणून विटेची चाचणी दाखवली. पसरट ताटात एक इंच शुद्ध पाणी, त्यात वीट उभी. पाणी आटले की पुन्हा तेवढेच घालून आटवायचे. भारतीय मानकाप्रमाणे पांढरेपणा विटेच्या दहा टक्के भागापर्यंत असेल तर तो किरकोळ, पन्नास टक्क्यांपर्यंत मध्यम. त्यापुढे गेला किंवा भुकटी सुटू लागली तर त्या विटा घेऊ नयेत. त्यांच्या चांगल्या विटाही उघड्या क्षारपड मातीवर रचून ठेवल्या होत्या आणि भिंतींना पाणी खाऱ्या बोअरचे मारले जात होते. विटांच्या खाली प्लॅस्टिक अंथरायला आणि टँकरचे गोडे पाणी वापरायला सांगितले.

संध्याकाळी ६.००

काकांसाठी कागदावर क्रम लिहून दिला. उन्हाळाभर भिंत उघडी ठेवायची, पंखा चालू, खिडक्या उघड्या, दर आठवड्याला कोरडा ब्रश. विटेच्या भिंतीला दर इंचाला साधारण एक महिना वाळायला लागतो असा ठोकताळा आहे. नऊ इंचांना नऊ महिने, आणि मध्ये पावसाळा येणार. पुन्हा भुगा काढून वजन करू, तीन फुटांवर दोन-तीन टक्क्यांच्या खाली आले तरच एकास तीन चुना-वाळूचा गिलावा, वर चुन्याचाच रंग. चुन्यातून वाफ बाहेर जाते, आणि उरलासुरला क्षार विटेऐवजी गिलाव्यात बसतो. पीओपी, पुट्टी, ऑइल पेंट यांपैकी काहीही नाही.

“दिवाळी तर आताच झाली,” काका म्हणाले, “निदान पाडव्याला तरी रंग लावू?”

पाडव्याला नाही. या भिंतीला रंग लागेल तो पुढच्या दिवाळीला, आणि तोही वजनकाट्याने हो म्हटले तर.