दर चौरस सेंटीमीटर

सकाळी साडेसहा

घरी पेपर पडले की बाकीचे बातम्या वाचतात, मी फूटपट्टी घेऊन बसते. यवतमाळात आमचं फ्रिज-टीव्ही-वॉशिंग मशीनचं दुकान आहे. घटस्थापनेपासून धनत्रयोदशीपर्यंत जे विकलं जातं, त्यावर वर्ष निघतं. नवरात्र महिन्यावर आलं की दुसऱ्या दुकानांनी कुठं, केवढी आणि कोणत्या दिवशी जाहिरात दिली हे मोजून वहीत टिपायचं काम माझं.

पेपरवाले जागा चौरस सेंटीमीटरवर विकतात, म्हणजे रुंदी गुणिले उंची. पान साधारण ३३ सेंटीमीटर रुंद आणि आठ कॉलमचं. चार कॉलम रुंद म्हणजे १६ सेंटीमीटर, त्याला २५ ची उंची दिली की ४०० चौरस सेंटीमीटरची पाव पान जाहिरात होते. आज जिल्हा पुरवणीत तशीच एक दिसली, आतल्या पानावर, डाव्या बाजूला, काळीपांढरी. मधल्या वारी, कुठला सण नाही, मुहूर्त नाही. असल्या दिवशी असल्या जागी दुकानदार पैसे मोजून जाहिरात देत नाही. ती पॅकेजमधली फुकटची. म्हणजे या पेपरात सध्या ‘इतक्या घ्या, इतक्या मोफत’ चालू आहे, आणि आज भेटायला येणारा माणूस तेच घेऊन येणार.

साडेनऊ

दुकानाचं शटर वर गेलं की पहिलं काम दर मागायचा मेसेज. ‘तुमचे जाहिरातीचे रेट पाठवा’ एवढंच लिहिलं तर छापील रेट कार्ड येतं आणि त्यावरचा आकडा कोणीच देत नसतं. म्हणून मी काय हवंय तेवढं नेमकं लिहिते: ‘१६ बाय २५, रंगीत, यवतमाळ जिल्हा पुरवणी, तीन नंबरचं पान उजवीकडे. चार जाहिराती: घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, धनत्रयोदशीच्या आधीचे दोन दिवस. जागेचा जादा आकार वेगळा दाखवा. जीएसटी वेगळा दाखवा. खपाचं प्रमाणपत्र जोडा.’ हाच मेसेज एका मोठ्या दैनिकाला, एका स्थानिक दैनिकाला आणि एका न्यूज पोर्टलला. प्रश्न एकच असला की उत्तरं शेजारी ठेवून बघता येतात.

खपाचं म्हटलं की तोंडी आकडे ऐकायची माझी तयारी नसते. मोठ्या दैनिकांचा खप ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही १९४८ साली सुरू झालेली संस्था दर सहामाहीला तपासते. स्थानिक दैनिकाकडे ते नसलं तर निदान चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र मागायचं. तेही नाही म्हणाले तर खप सोडून भावावरच बोलायचं.

आमचे मामाजी, म्हणजे सासरे, मेसेज वाचून म्हणाले, “पहिल्या पानावर काऊन नाही? नाव दिसलं पाहिजे.” त्यांच्या तरुणपणी पेपर म्हणजे पहिलं पानच होतं. बापूजी अण्यांनी १९१८ साली याच गावात ‘लोकमत’ साप्ताहिक म्हणून काढला आणि १९७१ मध्ये तो नागपुरातून दैनिक झाला, हे ते कोणालाही सांगतात. पहिल्या पानाला जो जादा आकार पडतो तो मात्र कोणाला सांगत नाहीत.

अकरा

मोठ्या दैनिकाचा जाहिरात प्रतिनिधी आला. चांगला मुलगा आहे, महिन्याचं टार्गेट डोक्यावर घेऊन फिरतो. चहा सांगितला. त्यानं रेट कार्ड उघडलं: रंगीत, पुरवणीचं आतलं पान, २२० रुपये चौरस सेंटीमीटर. म्हणजे एक जाहिरात ८८ हजारांची. माझा चेहरा बघून लगेच म्हणाला, “ताई, हे कार्ड झालं. तुमाले चाळीस टक्के कमी. आणि पाच घ्या, दोन फ्री.”

कॅल्क्युलेटर घेतला. २२० मधून चाळीस टक्के गेले की १३२. चारशेनं गुणलं तर ५२,८०० एकीचे. पाचांचे २,६४,०००. सात जाहिरातींवर वाटले तर एकीला जवळपास ३७,७००, चौरस सेंटीमीटरला ९४ रुपये. २२० वरून ९४. तो आकडा त्यानंच मला वाचून दाखवला आणि जरा मागं टेकून बसला.

मी विचारलं, फ्रीच्या दोन कधी छापाल? “जागा असली की, महिनाभरात.” कोणत्या पानावर? “ते पेपर ठरवते.” रंगीत? “नाही ताई, फ्री काळीपांढरी राहते.” म्हणजे त्या दोन दिवाळी होऊन गेल्यावर निधनवार्तांच्या शेजारी येऊ शकतात. एक्स्चेंज ऑफरची जाहिरात श्रद्धांजलीच्या चौकटीला लागून छापलेली मी पाहिली आहे. तशा दोन जाहिरातींची माझ्या हिशेबात किंमत शून्य. मग पैसे पडतात पाचच जाहिरातींचे आणि दर पुन्हा १३२ वर जातो. त्यातही मला हव्या होत्या चार, पाचवी त्याच्या पॅकेजला हवी होती.

भाव तिथंच तोडला नाही. “संध्याकाळी बोलू,” म्हणाले.

साडेबारा

बसस्टँडजवळच्या पेपर वितरकाला फोन केला. अंक किती छापतात ते कंपनी सांगते, गठ्ठे कुठं उतरतात ते यांना माहीत असतं. जिल्ह्यात १६ तालुके. त्यातले पुसद आणि उमरखेड आमच्याकडं फ्रिज घ्यायला येत नाहीत, पुसदचीच बाजारपेठ मोठी आहे आणि पलीकडं नांदेड आहे. वणीचं गिऱ्हाईक चंद्रपूर नाही तर नागपूर धरतं. पुसद आणि वणी दोन्ही इथून शंभरेक किलोमीटरवर, फ्रिजसाठी तेवढा टेम्पो कोण करणार? आमचं गिऱ्हाईक यवतमाळ शहर, कळंब, बाभूळगाव, नेर, दारव्हा, आर्णी, घाटंजी. मोठ्या दैनिकाचे बरेच गठ्ठे पुसद आणि वणीकडं उतरतात, ते वितरक भाऊंनी सांगितलं. तिथल्या प्रत्येक अंकाचे पैसे मी देणार आणि गिऱ्हाईक दुसऱ्याचं.

तालुका निवडून जाहिरात द्यायची सोय या पुरवणीत नाही. पण वितरकाकडं आहे: हव्या त्या तालुक्यांच्या गठ्ठ्यांत पत्रकं घालून द्यायची. छपाई माझी, घालायचे पैसे हजार पत्रकांवर. दारव्हा आणि आर्णीसाठी ते ठरवून टाकलं. आता पुरवणीच्या भावात बोलायला हातात एक कारण आलं.

तीन

न्यूज पोर्टलवाला आला. मोबाइलवर दोन लाख फॉलोअर दाखवले. व्हिडिओ, बॅनर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज पोस्ट, सगळं मिळून नवरात्रभर ४० हजार, वर जीएसटी १८ टक्के. छापील जाहिरातीला जीएसटी ५ टक्के लागतो, ऑनलाइनला १८. आम्ही दोन्हीचं क्रेडिट घेतो, म्हणून तुलना कराविना करते. कंपोझिशनमध्ये असलेल्या छोट्या दुकानदाराला क्रेडिट नाही, त्याच्या खिशातून १८ चे १८ जातात.

त्याला म्हटलं, फेसबुक पेजचं शहरवार पान उघड. उघडलं तर वरती पुणे, मग नागपूर, तिसरं यवतमाळ. पोटासाठी पुण्याला गेलेली पोरं गावच्या बातम्या बघतात, त्यात गैर काही नाही, पण ती फ्रिज तिकडंच घेणार. व्हिडिओचे ‘व्ह्यूज’ तीन सेकंदांवर मोजलेले होते. तीन सेकंदांत दुकानाचं नावही पुरं वाचून होत नाही. त्याला सांगितलं: दुर्गोत्सवाच्या देखाव्यांचे लाइव्ह तू दाखवतोस, ते यवतमाळचेच लोक बघतात. त्या नऊ संध्याकाळी खाली पट्टी माझी, बाकी काही नको. १५ हजारांत ठरलं. नऊ दिवस खेड्यापाड्यांतून माणसं देखावे बघायला इथं येतात आणि कोणत्या मंडळाला गर्दी आहे ते मोबाइलवरच बघतात.

स्थानिक दैनिकानं दर फार कमी कळवला, पण सोबत लिहिलं होतं, ‘दुकानावर एक बातमी मोफत.’ बातमीच्या टाइपात, बातमीच्या चौकटीत. वर ‘जाहिरात’ असं छापणार का विचारलं, तर ‘मग बातमी कसली?’ असं उत्तर आलं. जाहिरात बातमीपासून वेगळी ओळखू आली पाहिजे हा प्रेस कौन्सिलचा दंडक आहे. ते राहू दिलं.

पाच

प्रतिनिधी परत आला. या वेळी माझा कागद तयार होता. चार जाहिराती, तारखा माझ्या, जागा माझी, रंगीत. दर ११०. शिवाय एक मोफत, तीही रंगीत आणि तितकीच मोठी, पण तिचा वार तुम्ही ठरवा, फक्त घटस्थापना ते दसरा यांच्या मधला. नवरात्रातही एखाद्या वारी यांची पानं रिकामी असतात आणि रिकामी जागा त्यांनाही भरायचीच असते. मागायची ती अशी वस्तू, जी द्यायला त्यांना फार पडत नाही आणि मला उपयोगी पडते. टक्के मागत बसलं की ते आधी कार्ड वाढवतात आणि मग टक्के देतात.

“ताई, एकशेदहा वरून मंजूर नाही होत.” मी पुसद-वणीचे गठ्ठे काढले. तो हसला, “तुमाले सांगते कोण हे?” मग मी अर्धे पैसे आगाऊ देते म्हटलं. सणाच्या महिन्यात त्यांच्या वसुलीची बोंब असते, त्याला चेक दिसला की वरच्या साहेबाला फोन करायला जोर येतो. बाहेर जाऊन बोलून आला. १२५, आणि तीन नंबरच्या पानाचा जादा आकार माफ.

५० हजार एकीचे, चारांचे दोन लाख. मोफत धरून पाच जाहिराती, सगळ्या कामाच्या दिवसांत. एकीला ४० हजार, चौरस सेंटीमीटरला १००. सकाळच्या ९४ पेक्षा हा आकडा मोठा दिसतो, पण त्या ९४ मध्ये दोन मेलेल्या होत्या आणि एक नको असलेली.

सात

रिलीज ऑर्डर लिहिली. तोंडी ठरलेलं सगळं यात उतरलं नाही तर बिलाच्या दिवशी ते कोणाला आठवत नाही, आणि तोवर प्रतिनिधीची बदलीही झालेली असते. आकार, आवृत्ती, पान, बाजू, प्रत्येक तारीख, दर, मोफत जाहिरातीचा आकार आणि रंग. खाली दोन कलमं. एक, तारीख किंवा पान बदललं तर आधी विचारायचं, न विचारता बदललं तर त्या जाहिरातीचं बिल नाही. दोन, रंग सरकले तर धनत्रयोदशीपर्यंत पुन्हा छापायची.

रंग सरकणं म्हणजे चार शाईंचे ठसे एकमेकांवर नीट न बसणं. अक्षराच्या कडेला लाल किंवा निळी सावली दिसते आणि रंगीत पट्टीतलं बारीक पांढरं अक्षर तर भरूनच जातं. म्हणून डिझायनरला सांगितलं: किंमत आणि फोन नंबर पांढऱ्यावर काळ्यात, फोटो दोनच. पुरवणी बाहेरगावी छापून येते, त्यामुळं मटेरियल आदल्या दिवशी दुपारीच लागतं. तेही ऑर्डरवर लिहून घेतलं, म्हणजे उशिराचं खापर आमच्यावर नको.

प्रतिनिधीनं सही केली, शिक्का मारला. मामाजींनी कागद वाचला आणि पुन्हा विचारलं, “पहिलं पान?” त्यांना जादा आकाराचा आकडा दाखवला. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “तीन नंबर बरा आहे.”

फ्रिजच्या कंपनीला मेल तेवढा राहिला होता. तिचा फोटो आणि लोगो वापरला तर खर्चाचा काही वाटा ती देते, पण छापण्याआधी डिझाइन मंजूर करून घ्यावं लागतं आणि नंतर छापलेलं मूळ पान बिलासोबत पाठवावं लागतं, फोटो चालत नाही. प्रत्येक जाहिरातीचे दोन अंक जपून द्यायचे, हे ऑर्डरच्या तळाशी हातानं वाढवलं, तिथं प्रतिनिधीची छोटी सही घेतली आणि मेल पाठवला.