चाळीस मिनिटांतली पहिली पाच

परदेशी शिकायला निघालेली मुलं आयईएल्ट्‌सच्या लेखन परीक्षेत निबंधाचा प्रश्न दिसला रे दिसला की लिहीत सुटतात. तासाभरात दोन प्रश्न; त्यातल्या निबंधाला साधारण 40 मिनिटं आणि किमान 250 शब्द. घड्याळ बघून घाई होते. पण 250 शब्द म्हणजे जेमतेम चार परिच्छेद. आधीची पाच मिनिटं आराखड्याला दिली, तरी लिहून वर तपासायला वेळ उरतो.

समजा, प्रश्न आहे: शहराच्या मध्यवस्तीत खासगी गाड्यांना बंदी घालावी, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात? पहिल्या मिनिटात ‘मध्यवस्ती’, ‘खासगी’, ‘बंदी’ आणि ‘कितपत’ या शब्दांखाली रेघ मारायची. बरीच मुलं ‘गाड्या’ एवढंच वाचतात आणि प्रदूषणावरचा पाठ केलेला निबंध उतरवून मोकळी होतात.

दुसऱ्या मिनिटात मत ठरवायचं. ते मनापासूनचं नसलं तरी बिघडत नाही. परीक्षक तुमचं मत पटतंय का हे बघत नाही. ते स्पष्ट आहे का आणि शेवटपर्यंत टिकलं का, हे बघतो.

पुढच्या दोन मिनिटांत मुद्दे, तेही तुटक शब्दांत:

मत: होय, पण बससेवा चांगली असेल तिथेच
1. रस्ते अरुंद – एका गाडीत एकच माणूस – लक्ष्मी रस्ता, सणाची खरेदी
2. बस नसेल तर – उपनगरातल्यांची कोंडी – रात्रपाळीची परिचारिका
शेवट: आधी बस, मग बंदी

हे शब्द इंग्रजीतच टिपलेले बरे, नाहीतर लिहिताना भाषांतरात वेळ जातो.

पाचवं मिनिट मात्र कुणी देत नाही, आणि खरी कमाई तिथेच असते. प्रत्येक ओळ प्रश्नाशी ताडून पाहायची. पहिल्या मुद्द्याला लंडनचं उदाहरण सुचलं असतं, तर ते इथे अडकलं असतं. लंडनने 2003 साली मध्यवस्तीत येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं, बंदी नव्हे. तेव्हा एक तर ते खोडायचं, नाहीतर ‘बंदीऐवजी शुल्क’ असा वेगळा मुद्दा करायचा. आराखड्यात हे एका रेघेचं काम. अर्धा परिच्छेद लिहून झाल्यावर लक्षात आलं, तर खाडाखोड आणि धांदल. ‘प्रदूषण घटेल’ आणि ‘हवा स्वच्छ होईल’ हे दोन मुद्दे नसून एकच आहे, हेही इथेच कळतं.

आराखड्याला वेगळे गुण नाहीत आणि कच्चं व्याकरण त्याने सुधारत नाही. गुण चार निकषांवर सारखेच वाटलेले असतात. त्यातले प्रश्नाला दिलेलं उत्तर आणि मांडणीची सुसंगती हे दोनच त्याच्या आवाक्यातले. लिहिताना वेळ कमी पडू लागला तर परिचारिकेला वगळावं, शेवटचा परिच्छेद वगळू नये.