एका दोलकाचा हिशेब

७ ऑक्टोबर १९००, रविवार. बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांच्या घरी दुपारच्या चहाला हाइनरिश रूबेन्स सपत्नीक आले होते. गप्पांच्या ओघात रूबेन्स यांनी आपल्या प्रयोगाची एक गोष्ट सांगितली. तापलेल्या पोकळीतून येणाऱ्या फार लांब लहरींची तीव्रता तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढताना दिसत होती. त्या काळी प्रमाण मानल्या जाणाऱ्या वीन यांच्या नियमाला हे मानवणारे नव्हते. पाहुणे गेल्यावर प्लांक कागद घेऊन बसले आणि त्याच संध्याकाळी त्यांना एक सूत्र सापडले. त्या सूत्राचे मर्म एका दोलकाच्या हिशेबात आहे.

दोलक म्हणजे ठरावीक वारंवारतेने मागेपुढे होणारी कोणतीही व्यवस्था. स्फटिकातला थरथरणारा अणू हा दोलकच, आणि पोकळीत कोंडलेली प्रकाशाची प्रत्येक लहरही गणिताच्या दृष्टीने दोलकच. जुन्या भौतिकीत दोलकाला हवी तेवढी ऊर्जा घेता येत असे. पुंजभौतिकीत त्याच्यापुढे शिडी असते. तळाची पायरी शून्य मानली, तर वरच्या पायऱ्या hν, 2hν, 3hν अशा समान अंतरावर. दोन पायऱ्यांच्या मध्ये पाय ठेवायला जागा नाही. इथे ν ही वारंवारता आणि h हा प्लांकचा स्थिरांक.

आता हा दोलक T तापमानाच्या भट्टीत ठेवला. तो कोणत्या पायरीवर सापडेल? बोल्ट्झमन यांचा नियम सांगतो की पायरी जितकी उंच, तितकी तिथे सापडण्याची शक्यता कमी, आणि ही घट प्रत्येक पायरीला एकाच गुणोत्तराने होते. पायरीची उंची आणि भट्टीची उष्णता यांचे प्रमाण x = hν/kT असे लिहिले, तर पायऱ्यांची वजने 1, e^(−x), e^(−2x) अशी येतात. या सगळ्या वजनांची बेरीज म्हणजे पार्टिशन फंक्शन, Z. अनंत पायऱ्या बघून घाबरायचे कारण नाही. शाळेतली भूमितीय श्रेढी आहे ती, आणि तिची बेरीज एका ओळीत येते:

Z = 1/(1 − e^(−x))

कोणत्याही पायरीच्या वजनाला Z ने भागले की त्या पायरीवर असण्याची शक्यता मिळते. पण Z हा नुसता भाजक नव्हे. दोलकाला व्यवहारात किती पायऱ्या खुल्या आहेत, याचा तो ढोबळ आकडा आहे. शिवाय तापमान किंचित वाढवल्यावर Z चा लॉगरिदम किती बदलतो हे पाहिले, की सरासरी ऊर्जा आपोआप हाती येते:

U = kT² · d(ln Z)/dT = hν/(e^x − 1)

हे सूत्र आकड्यांत घालून पाहावे. रूबेन्स आणि त्यांचे सहकारी कुर्लबाउम हे सैंधवाच्या स्फटिकांवरून किरण पुन्हा पुन्हा परावर्तित करत. बाकीच्या लहरी गळून जात आणि सुमारे ५१ मायक्रोमीटर तरंगलांबीची अवरक्त लहर तेवढी उरे. सोयीसाठी ऊर्जाही केल्विनमध्येच मोजू, म्हणजे प्रत्येक ऊर्जेला k ने भागू. या लहरीची पायरी मग २८१ केल्विन उंचीची ठरते.

पोकळी १००० अंश सेल्सियसला, म्हणजे १२७३ केल्विनला आहे. सूत्र सरासरी ऊर्जा ११३८ देते. तापमान १५०० अंशांवर, म्हणजे १७७३ केल्विनवर नेले की ती १६३६ होते. ५०० अंशांच्या वाढीला ४९८ ची वाढ, जवळजवळ अंशाला अंश. वीन यांच्या नियमात छेदातला ‘वजा एक’ नसतो. त्यामुळे त्याचे उत्तर २२५ वरून जेमतेम २४० वर जाते आणि पुढे कितीही तापवले तरी २८१ च्या वर चढत नाही. एक वक्र चढतच राहतो, दुसरा आडवा पडतो. रूबेन्स यांच्या उपकरणातला काटा चढत राहिला. १९ ऑक्टोबरला प्लांक यांनी आपले सूत्र जर्मन फिजिकल सोसायटीपुढे मांडले.

त्याच १७७३ केल्विनच्या पोकळीत लाल प्रकाशाचा दोलक घेऊ, तरंगलांबी ०.६५ मायक्रोमीटर. त्याची पायरी सुमारे २२,१०० केल्विन उंच आहे. अवरक्त दोलकासाठी Z सुमारे ६.८ येतो, म्हणजे सात-एक पायऱ्या सहज खुल्या. लाल दोलकाचा Z मात्र १ पेक्षा फक्त चार दशलक्षांशांनी जास्त आहे. तो तळाशीच खिळून राहतो आणि त्याची सरासरी ऊर्जा जेमतेम ०.०८ केल्विन भरते. निळ्याची, ०.४५ मायक्रोमीटरची, त्याहूनही सुमारे १८० पट कमी! भट्टीतले लोखंड तांबूस-नारिंगी दिसते आणि निळे का दिसत नाही, त्याचे बरेचसे उत्तर या तफावतीत आहे. जुन्या हिशेबात तिन्ही दोलकांना सरसकट १७७३ मिळाले असते आणि पोकळीतल्या एकूण ऊर्जेला मर्यादाच उरली नसती.

बरेचसे म्हणायचे कारण असे, की एका दोलकावरून प्रकाशाच्या वर्णपटाकडे जायला आणखी एक पायरी लागते. पोकळीत कोणत्या वारंवारतेच्या किती लहरी मावतात हे मोजावे लागते. दर घनमीटरमागे, वारंवारतेच्या दर एककाला ही संख्या 8πν²/c³ असते. वारंवारता वाढते तशी तीही वाढते. तिला सरासरी ऊर्जेने गुणले की प्लांकचे वितरण तयार. पहिला घटक वक्राला वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो, आणि मध्ये कुठेतरी शिखर येते.

प्लांक मात्र या वाटेने गेले नव्हते. १४ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी दिलेल्या उपपत्तीत ऊर्जेचे ठरावीक तुकडे अनेक दोलकांत किती प्रकारे वाटता येतील, याची मोजदाद होती. पार्टिशन फंक्शनचा रस्ता सोपा वाटतो तो मागे वळून पाहताना. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी हेच वितरण प्रकाशकणांची मोजणी करून मिळवले. त्यांच्या नजरेतून पाहिले तर 1/(e^x − 1) ही एका लहरीतल्या प्रकाशकणांची सरासरी संख्या. आपल्या अवरक्त उदाहरणात ती ५.८ आहे, म्हणजे नेमकी Z − 1.

एक गोष्ट वर हळूच बाजूला ठेवली होती. पुंजभौतिकी सांगते की तळाची पायरी शून्यावर नसते, ती hν/2 उंचीवर असते. अवरक्त दोलकाच्या १६३६ मध्ये हे १४०.५ मिळवले तर सुमारे १७७७ येतात, जुन्या १७७३ च्या अगदी शेजारी. योगायोग नाही हा. उष्ण टोकाला प्लांकचे सूत्र kT पेक्षा बरोबर hν/2 ने कमी पडते आणि शून्यबिंदू ऊर्जा ती तूट भरून काढते.

मग रूबेन्स यांना ती का दिसली नाही? सारी शिडी अर्धी पायरी वर उचलली तरी कोणत्या पायरीवर किती शक्यता, ते वाटप बदलत नाही. Z च्या सर्व पदांना तोच एक घटक लागतो आणि भागाकारात उडून जातो. त्यांचे उपकरण तापलेली पोकळी आणि आजूबाजूचा परिसर यांच्यातला फरक मोजत असे, आणि दोन्हीकडे सारखी असलेली रक्कम फरकात उरत नाही. तिचा माग काढायला पदार्थाकडे जावे लागते. हेलियमचे अणू हलके, त्यांची एकमेकांवरची ओढ क्षीण. शून्यबिंदूची थरथर त्यांना जागेवर बसूच देत नाही. म्हणून नेहमीच्या हवेच्या दाबाखाली हेलियम कितीही थंड केला तरी द्रवच राहतो. त्याला गोठवायला सुमारे २५ पट दाब द्यावा लागतो.