अक्षता पडल्या, पण लग्न लागलं का?

लखनऊचा किंवा कोलकात्याचा पाहुणा आपल्याकडच्या लग्नाला आला की थोड्याच वेळात त्याच्या हातावर चिमूटभर लाल तांदूळ पडतात. त्यांचं काय करायचं, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. या अक्षता म्हणजे कुंकू लावलेले अखंड तांदूळ. तुटका दाणा त्यात चालत नाही. त्या एकदम उधळायच्या नसतात. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ ऐकू आलं की चार-दोन दाणे वधूवरांवर टाकायचे, हे त्याला आधीच सांगावं. मागच्या रांगेतून भिरकावलेल्या अक्षता पुढच्यांच्या डोक्यावर पडतात, म्हणून शक्य तर त्याला पुढे उभं करावं.

तेव्हा वधूवर समोरासमोर असतात आणि मध्ये अंतरपाट धरलेला असतो. कुंकवाने स्वस्तिक काढलेलं हे कापड मुहूर्ताच्या क्षणापर्यंत दोघांना एकमेकांपासून झाकतं. पूर्वी हा क्षण घटिकापात्रावरून कळे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती 24 मिनिटांनी बुडे, म्हणजे एक घटिका भरे. आता भटजी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतात. मुहूर्त लांब असेल तर आत्या-मावश्या आणखी मंगलाष्टकं म्हणतात, जवळ आला की आवरतं घेतात. मग अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजते, हार घातले जातात आणि मंडळी पंगतीकडे वळतात.

पाहुण्याला इथेच थांबवून घ्यावं, असं मला फार वाटतं. ‘लग्न लागलं’ असं आपण म्हणतो खरं, पण कन्यादान, होम आणि सप्तपदी अजून व्हायची असते. होमाजवळ तांदळाच्या सात लहान राशी ओळीने मांडतात. वर वधूचा हात धरतो आणि ती उजवं पाऊल एकेका राशीवर ठेवत पुढे जाते. अन्न, बल, धन, सुख, संतती, ऋतू अशी एकेका पावलाची मागणी असते. सातवं पाऊल सख्याचं, मैत्रीचं. उत्तरेकडच्या पाहुण्याला हे फेरेच वाटतात. पण फेऱ्यांत अग्नीभोवती फिरतात, इथे सरळ पुढे चालतात.

कायद्यानेही या पावलांना वजन दिलं आहे. 1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 नुसार, ज्यांच्या रूढीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवं पाऊल पडल्यावर पूर्ण आणि बंधनकारक होतो. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने दुसरं लग्न केल्याच्या आरोपातून एकाला सोडलं. त्या दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झालेली नव्हती आणि त्यांच्याशिवाय लग्न लावण्याची रूढीही सिद्ध झाली नव्हती. सत्यशोधक किंवा बौद्ध पद्धतीच्या लग्नात मात्र सप्तपदी नसतेच. तिथे पाहुण्याला राशी शोधायला लावू नये.