अर्जाचे पैसे भांडवल कधी होतात?

सांगलीत हळद दळून विकणारी एक छोटी प्रायव्हेट कंपनी आहे असं समजू. भागधारक सगळे घरचेच, आणि नवीन यंत्रासाठी हवेत 1 लाख रुपये. संचालकांनी सध्याच्याच भागधारकांना 100 रुपये दर्शनी किमतीचे 1,000 शेअर देऊ केले. त्यांतले 50 रुपये अर्जासोबत, 25 वाटपावर आणि उरलेले 25 नंतर कॉल करून घ्यायचे.

अर्जांचे 50,000 बँकेत आले, की पुष्कळ ठिकाणी ते थेट भांडवलात जमा होतात. चूक इथेच होते. वाटपाचा ठराव होईपर्यंत ती रक्कम अर्जदारांचीच, कंपनीच्या डोक्यावर देणं. म्हणून पहिली नोंद अशी:

बँक खाते नावे 50,000
 शेअर अर्ज खात्यास 50,000

पैसे आल्यापासून 60 दिवसांत वाटप करावं लागतं. ते जमलं नाही तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत. तेही झालं नाही, तर कायदा त्या रकमेला ठेव मानतो आणि ठेवींचे कडक नियम मागे लागतात. घरच्याघरी कोण विचारतो, या भरवशावर राहणाऱ्यांची गाठ लेखापरीक्षकाशी पडते. तो बँकेतली तारीख आणि ठरावाची तारीख शेजारी ठेवून बघतो.

संचालक मंडळाने ठराव केला, त्याच तारखेला रोजकीर्दीत दोन नोंदी होतात:

शेअर अर्ज खाते नावे 50,000
 शेअर भांडवल खात्यास 50,000

शेअर वाटप खाते नावे 25,000
 शेअर भांडवल खात्यास 25,000

दुसऱ्या नोंदीतले पैसे अजून हातात आलेले नाहीत, फक्त येणं झालंय. ते आले की बँक नावे, वाटप खातं जमा. याशिवाय वाटपाचं विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पीएएस-3, कंपनी निबंधकाकडे 30 दिवसांत भरायचं आणि शेअर प्रमाणपत्रं दोन महिन्यांत द्यायची.

कॉलच्या वेळीही आधी येणं दाखवायचं: कॉल खाते नावे 25,000, भांडवल खात्यास 25,000. कॉल 25 रुपयांचाच का? कायद्यातल्या नमुना नियमावलीप्रमाणे एक कॉल दर्शनी किमतीच्या चौथाईहून मोठा नसतो.

आता 40 शेअरवाल्या काकांनी हात वर केले, 1,000 रुपये अडकले.

बँक खाते नावे 24,000
थकीत कॉल खाते नावे 1,000
 शेअर कॉल खात्यास 25,000

ताळेबंदात भांडवलातून हे 1,000 वजा होऊन 99,000 दिसतात. काकांना किमान 14 दिवसांची नोटीस देऊनही पैसे आले नाहीत, तर नियमावलीनुसार संचालक ठराव करून शेअर जप्त करू शकतात:

शेअर भांडवल खाते नावे 4,000
 थकीत कॉल खात्यास 1,000
 जप्त शेअर खात्यास 3,000

काकांनी भरलेले 3,000 कंपनीकडेच राहतात. हेच 40 शेअर पूर्ण भरलेले म्हणून दुसऱ्याला देताना सूट या 3,000 पर्यंतच देता येते. म्हणजे घेणाऱ्याकडून निदान 1,000 रुपये यायलाच हवेत.