पहिल्या पगारातले सात हजार

पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलीच्या हातात महिन्याला २८ हजार पडतात असं धरू. खोलीचं भाडं, मेस, प्रवास, फोन आणि घरी पाठवायचे पैसे मिळून २१ हजार जातात. उरलेले सात हजार कुठे टाकायचे, असं ती ऑफिसात विचारते, आणि उत्तर बहुधा येतं, ‘सगळी एसआयपी कर.’

त्याआधी तिने पगाराची स्लिप नीट वाचावी. मूळ वेतन १५ हजार असेल, तर त्यातले १,८०० रुपये पीएफला कापले जातात. कंपनीही तेवढीच रक्कम भरते. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० पीएफ खात्यात. म्हणजे खात्यात दरमहा २,३५० रुपये पडतातच. लांबच्या पल्ल्याची बचत तिच्या नकळत सुरू झालेली आहे. कमी आहे ती अडीअडचणीला लागणाऱ्या पैशाची.

म्हणून पहिलं वर्ष मी जवळच्या गरजेकडे झुकतं माप देईन. पाच हजारांचं बँकेत आवर्ती ठेवीचं खातं, हप्ता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी. वर्षाअखेर व्याज धरून ६२ हजारांच्या आसपास जमतात, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा खर्च. मध्येच मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दल शाबूत राहते. उरलेल्या दोन हजारांची निफ्टी ५० इंडेक्स फंडात एसआयपी करावी. या पैशाला किमान सात-आठ वर्षं हात लावायचा नाही.

सगळंच फंडात का नको, हे २०२० साली दिसलं. जानेवारीत बारा हजारांच्या वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर आला, म्हणजे सुमारे ३८ टक्के खाली. नोव्हेंबरपर्यंत तो पुन्हा जुन्या पातळीवर पोचला. ज्याला थांबता आलं, त्याचं नुकसान झालं नाही. पण त्याच महिन्यांत अनेकांचे पगार कापले गेले, नोकऱ्या गेल्या. बाजार पडतो तेव्हाच पैशाची गरज पडण्याची शक्यता वाढते, ही यातली खरी मेख आहे. भाडं भरायला ज्याला तेव्हा युनिट विकावी लागली, त्याचा कागदावरचा तोटा कायमचा झाला.

तीन महिन्यांची सोय झाली की प्रमाण उलटं करायचं: पाच हजार फंडात, दोन हजार ठेवीत. दोन वर्षांनी स्कूटर घ्यायची असेल, तर तिचे पैसे या दोन हजारांतूनच साठवायचे, फंडातून नाही. पगारवाढ झाली की आधी एसआयपी वाढवावी, मग खर्च.

नोकरी बदलताना मात्र पीएफ काढून घेण्याचा मोह होतो. रक्कम तेव्हा लहान दिसते आणि नवा मोबाइल समोर असतो. यूएएन क्रमांक तोच राहतो. नव्या कंपनीत तो द्यावा आणि जुनी शिल्लक नव्या खात्यात वळती झाली का, हे पासबुकात स्वतः पाहावं.