‘आई म्हणतेय, रविवारी जेवायला ये’

अ‍ॅपवर ओळख झाली, तीनदा बाहेर भेटलात, गप्पा रंगल्या. चौथ्या भेटीआधीच तो म्हणतो, “आई म्हणतेय, रविवारी घरी जेवायला ये.” त्याच्या मनात काही काळंबेरं असतं असं नाही. पण आपल्याकडे अशा घरी गेलं की कांदेपोह्यांचा कार्यक्रम आपोआप सुरू होतो. मावशी ‘सहज’ येऊन बसते, गाव कुठलं, वडील काय करतात याची चौकशी होते, निघताना हळदीकुंकू लावलं जातं. नंतर जमलं नाही, तर नकार एकट्या त्याला नाही, अख्ख्या घराला द्यावा लागतो.

म्हणून आधी एवढंच विचारावं: “आईंनी एवढ्यात का बोलावलंय?” घरात दुसरी स्थळं येत असतील, तर घाई त्याची नसून घरच्यांची असते. विवाहसंस्थेतून ओळख झाली असेल, तर मात्र लवकर घरी जाणं ही तिथली रीतच असते. तिथे आपल्याला किती वेळ हवा ते पहिल्याच भेटीत सांगून टाकणं बरं.

टाळायला बहुतेक जण कामाची सबब सांगतात. ती एका रविवारपुरती चालते. पुढच्या रविवारी आमंत्रण पुन्हा हजर. त्यापेक्षा आमंत्रण आल्यावर लगेच, फोनवर किंवा समोरासमोर, खरं ते सांगावं:

“तुझ्याशी बोलायला मला आवडतं, पुढेही भेटायचंय. पण मी घरी आले की मोठी माणसं लग्नाचा विचार करायला लागतील, आणि माझी तेवढी तयारी अजून नाही. दोनेक महिने आपण दोघंच भेटू, मग याबद्दल बोलू.”

इथे दोन महिन्यांनी बोलायचं कबूल केलंय, घरी यायचं नाही. हा फरक सांभाळावा. आणि तो मुळातच आवडत नसेल, तर ‘नंतर बघू’ म्हणून झुलवत ठेवू नये, सरळ नाही म्हणावं.

खरी पंचाईत त्याची असते, कारण आईला उत्तर त्यालाच द्यायचंय. तो ‘तिला बरं नाही’ म्हणाला, तर ते खोटं पुढे तुम्हालाच निस्तरावं लागेल. म्हणून तेही वाक्य तुम्हीच सुचवा: “आईंना सांग, बोलावलंत ते छान वाटलं, आमची थोडी ओळख वाढू दे, मग नक्की ठरवू.” वाटलं तर त्याच्या बहिणीला बाहेर चहाला भेटता येईल, पण तेही मनापासून वाटलं तरच.

तो जरा हिरमुसेल, ते साहजिक आहे. पण पुढच्या शनिवारी कुठे भेटायचं असं त्याने विचारलं, तर तुमचं म्हणणं पोचलं. ‘आईला किती वाईट वाटलं’ हे पुन्हा पुन्हा ऐकवलं, किंवा न विचारता फोन आईच्या हातात दिला, तर नवी कारणं शोधत बसू नका. तेच उत्तर, त्याच शब्दांत, एकदा द्या. तरीही रेटा चालूच राहिला, तर घरी जायचं की नाही हा प्रश्न मागे पडतो. या माणसाला पुन्हा भेटायचं का, हे आधी ठरवावं.